चालणाऱ्याला कळत नाही, बसलेल्याला कळतं

ऑफिसचा मजला थरथरतो, ही तक्रार चालणारा सहसा करत नाही. ती येते खुर्चीत बसलेल्या माणसाकडून. कुणीतरी पँट्रीकडून मीटिंग रूमकडे झपाझप जातं आणि वाटेतल्या टेबलाशी बसलेल्याला पायाखालून, खुर्चीतून बारीक हेलकावा जाणवतो. स्टँडवरचा मॉनिटर डुलतो, ग्लासातल्या पाण्यावर वलयं उठतात. दोन-चार जणांना हे जाणवलं की मग कुजबुज सुरू होते आणि एक प्रश्न हमखास येतो: स्लॅब पडणार तर नाही ना?

या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. माणसाला अस्वस्थ करणारी ही थरथर म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या अर्धा-पाऊण टक्का हालचाल असते. म्हणजे बीमवर नेहमीच्या वजनाच्या अर्धा-पाऊण टक्काच जास्तीचा भार येतो. ज्या बीमचं डिझाइन भारावर दीडपट सुरक्षा धरून केलेलं आहे, त्याला हा भार जाणवतसुद्धा नाही. तेव्हा मजला बळकट आहे आणि तरीही थरथरतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ताकद हा एक हिशेब आहे आणि बसणाऱ्याची सोय हा दुसरा. दुसऱ्या हिशेबासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळं टिपण करतो, त्याला कंपन-तपासणीचं टिपण म्हणू. ते चार-पाच पानांचं असतं, पण इमारतीचा मालक किंवा भाडेकरू त्यातलं शेवटचं 'चालेल' एवढंच वाचतो. ते 'चालेल' नेमकं कशावर उभं असतं, ते इथे पाहू.

मजल्याच्या कंपनाची ओळख इंजिनिअरांना नवी नाही. इंग्रज इंजिनिअर थॉमस ट्रेडगोल्ड यांनी 1828 मध्येच लिहून ठेवलं होतं की लांब गाळ्याचे गर्डर खोल ठेवावेत, नाहीतर माणूस खोलीत चालला की सगळं सामान हलतं. मधल्या काळात आपल्याकडे हा विषय फारसा निघाला नाही, कारण गाळे चार-पाच मीटरचे, स्लॅब काँक्रीटचे आणि त्यावर ठिकठिकाणी विटांच्या भिंती. आता आयटी इमारतींना कॉलम नको असतात. मग दहा-बारा मीटरचे गाळे, पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब किंवा स्टीलचे बीम आणि त्यावर पत्र्याच्या डेकवरचं पातळ काँक्रीट, असं बांधकाम होतं. भिंती तर जवळजवळ नाहीतच.

पावलांचा ताल

टिपणाचं पहिलं पान पावलांचं असतं. ऑफिसात माणूस सेकंदाला साधारण 1.6 ते 2.2 पावलं टाकतो. सोयीसाठी दोन धरू, म्हणजे मिनिटाला 120. पण पाऊल म्हणजे नुसता ठोका नव्हे. टाच टेकते, वजन पुढे सरकतं, पंजा रेटा देतो. त्यामुळे जमिनीवरचा दाब एका साध्या लयीत वर-खाली होत नाही, त्या लयीच्या पोटात दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाच्या बारीक लयी दडलेल्या असतात. इंजिनिअर त्यांना हार्मोनिक म्हणतात. सेकंदाला दोन पावलं टाकणारा माणूस मजल्याला दोन हर्ट्झने ढकलतोच, शिवाय चार, सहा आणि आठ हर्ट्झनेही ढकलतो. वरच्या हार्मोनिकचा जोर मात्र झपाट्याने ओसरतो. पहिल्याचा जोर माणसाच्या वजनाच्या साधारण निम्मा, दुसऱ्याचा एक पंचमांश, तिसऱ्याचा एक दशांश, चौथ्याचा एक विसांश, असे ढोबळ आकडे धरले जातात.

यातला दुसरा हार्मोनिक ऑफिसच्या मजल्यांना सगळ्यात जास्त नडतो. झोपाळ्याला प्रत्येक फेरीला धक्का द्यावा लागत नाही, एक फेरी सोडून दिला तरी वेळ बरोबर साधली की झोका चढत जातो. चार हर्ट्झचा मजला आणि दोन हर्ट्झची पावलं यांचं असंच जुळतं: मजला दोनदा हलेपर्यंत पाऊल एकदाच पडतं, पण ऐन वेळी पडतं. यालाच अनुनाद किंवा रेझोनन्स म्हणतात.

मजल्याचा ताल

मग प्रश्न येतो, मजल्याचा स्वतःचा ताल किती? याला एक ढोबळ सूत्र आहे आणि ते आश्चर्य वाटावं इतकं सोपं आहे. मजला स्वतःच्या वजनाने किती मिलिमीटर वाकेल ते काढायचं, त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि 18 ला त्याने भागायचं. उत्तर हर्ट्झमध्ये मिळतं.

उदाहरणाला एक गाळा घेऊ. हा हिशेबासाठी घेतलेला आहे, पण मापं नेहमीच्या ऑफिस इमारतीची आहेत. 12 मीटर लांबीचे स्टीलचे बीम, तीन-तीन मीटर अंतरावर. ते नऊ मीटरच्या गर्डरवर टेकलेले. वर डेक आणि काँक्रीट मिळून 130 मिलिमीटरचा स्लॅब. स्लॅब, बीम, डक्ट, फर्निचर आणि माणसं धरून वजन चौरस मीटरला सुमारे 370 किलो. एवढ्या वजनाखाली बीम साधारण 13.8 मिलिमीटर वाकतो आणि गर्डर 6.8. दोन्ही मिळून 20.6. वर्गमूळ साडेचारच्या आसपास. 18 ला साडेचारने भागलं की आले चार हर्ट्झ.

म्हणजे नेमका नको तिथे. गंमत अशी की वाकाच्या नेहमीच्या तपासणीत हाच बीम आरामात उत्तीर्ण होतो. स्टीलसाठीच्या आयएस 800 मानकाप्रमाणे चालत्या भाराखाली गाळ्याच्या 300 व्या भागाएवढा वाक चालतो, म्हणजे इथे 40 मिलिमीटर. आपल्या बीमचा तो वाक वीसच्या आतच राहतो. वाकाची तपासणी 'फार वाकतो का' एवढंच विचारते. पावलांशी ताल जुळतो का, हा तिचा प्रश्नच नाही.

इथे एक चूक वारंवार होते. ताकदीच्या हिशेबात ऑफिसचा चालता भार चौरस मीटरला 250 ते 400 किलो धरतात, आणि सवयीने तोच आकडा कंपनाच्या हिशेबातही घातला जातो. प्रत्यक्षात ऑफिसात रोजचं वजन 50 किलोच्या आसपास असतं. जास्त वजन धरलं तर मजला कागदावर जड होतो आणि जड मजला कमी हलतो. ताकदीसाठी जास्त भार धरणं ही सावधगिरी, पण कंपनासाठी तीच गोष्ट उलटी पडते: उत्तर खोटं चांगलं येतं. टिपण हातात आलं की हा आकडा आधी शोधावा.

डॅम्पिंग: कागदावरचा सगळ्यात हळवा आकडा

पावलांचा वेग ठाऊक आहे, मजल्याचा ताल हिशेबाने निघतो. उरतं डॅम्पिंग, म्हणजे सुरू झालेली हालचाल किती लवकर विरते ते. हा आकडा टक्क्यांत लिहितात. डॅम्पिंग तीन टक्के असेल तर प्रत्येक झोका आधीच्या 83 टक्के उरतो. चार हर्ट्झच्या मजल्यावर सेकंदात चार झोके होतात, म्हणजे एका सेकंदात हालचाल निम्म्याहून कमी होते. डॅम्पिंग दीड टक्काच असेल तर सेकंदानंतरही दोन तृतीयांशाहून जास्त हालचाल शिल्लक असते, आणि तोवर चालणाऱ्याची आणखी दोन पावलं पडलेली असतात.

हे डॅम्पिंग येतं कुठून? नुसत्या स्टील-काँक्रीटच्या सांगाड्याकडून फारच थोडं. बाकीचं येतं मजल्याला चिकटलेल्या, टांगलेल्या आणि त्यावर ठेवलेल्या वस्तूंमधून. त्यांच्या सांध्यांत घर्षण होतं आणि हालचालीची ऊर्जा तिथे खर्ची पडते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शनची 'डिझाइन गाइड 11' या विषयात जगभर वापरली जाते. 1997 मध्ये ती आली आणि 2016 मध्ये सुधारली. तिने हे चक्क बेरजेसारखं मांडलं आहे: सांगाड्याचा एक टक्का, छत आणि डक्ट यांचा एक टक्का, फायली आणि कपाटांनी भरलेलं ऑफिस असेल तर आणखी एक टक्का, पण नुसत्या संगणकांचं असेल तर अर्धाच. जमिनीपासून वरच्या स्लॅबपर्यंत पोचणारी पार्टिशनं असतील तर दोन ते पाच टक्के वेगळे.

आता आपला गाळा पूर्ण सोडवू. 70 किलोचा माणूस चालतोय. मजला चार हर्ट्झचा, म्हणजे दुसरा हार्मोनिक, म्हणजे वजनाचा पाचवा भाग: 14 किलो. चालणारा आणि बसलेला एकाच जागी नसतात, शिवाय चालणारा पुढे सरकत असल्याने अनुनाद पुरता चढत नाही. म्हणून गाइड यातला निम्माच जोर धरते: सात किलो. हा जोर हलवतो किती वजन? एका गाळ्याचं वजन 40 टन, पण बीम पुढच्या गाळ्यात सलग जातात आणि स्लॅब तर सलग असतोच, त्यामुळे शेजारचा भागही हालचालीत ओढला जातो. या गाळ्यात सहभागी वजन सुमारे 70 टन निघतं. त्याला डॅम्पिंगने गुणायचं आणि सात किलोला त्या गुणाकाराने भागायचं, की मजल्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत मिळतं.

डॅम्पिंग तीन टक्के धरलं तर 70,000 चे तीन टक्के 2,100. सात भागिले 2,100, म्हणजे 0.33 टक्के. ऑफिससाठी गाइडची मर्यादा 0.5 टक्के आहे. मजला पास.

डॅम्पिंग दोन टक्के धरलं तर उत्तर बरोबर 0.5. मजला काठावर.

फॉल्स सीलिंग नाही, फायली नाहीत, नुसते लॅपटॉप असं असेल तर दीड टक्का. उत्तर 0.67. मजला नापास.

बीम तोच, काँक्रीट तेच, माणूसही तोच. बदलला फक्त एक आकडा, आणि तो आकडा इंजिनिअरने मोजलेला नाही. त्याने तो तक्त्यातून उचलला आहे, कारण तपासणी होते तेव्हा इमारत उभीच नसते. निकाल ज्या आकड्यावर फिरतो तो आकडा खरं तर इंटीरियर डिझायनरच्या हातात असतो. एखादा इंजिनिअर बंद केबिनं आणि फॉल्स सीलिंग धरून तीन टक्के लिहितो, पुढे दोन वर्षांनी भाडेकरू येतो, त्याला उघडं छत आणि मोकळा हॉल आवडतो, आणि टिपणातलं गृहीतक कुणालाही न सांगता मोडलं जातं. काचेच्या केबिनांनीही फसायला होतं. त्या नकाशावर भिंतीसारख्या दिसतात, पण फॉल्स सीलिंगशीच थांबत असतील तर वरच्या स्लॅबला त्या धरत नाहीत आणि पूर्ण उंचीच्या पार्टिशनचं डॅम्पिंग त्यांच्या नावावर लावता येत नाही.

किती हललं तर चालेल?

0.5 टक्के हा आकडा आला कुठून, हेही समजून घ्यायला हवं. चार हर्ट्झवर एवढं त्वरण म्हणजे मजला वर-खाली फक्त 0.08 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका मिलिमीटरचा बारावा हिस्सासुद्धा नाही. एवढं माणसाला कळतं, कारण उभ्या दिशेच्या चार ते आठ हर्ट्झच्या हालचालीला आपलं शरीर सगळ्यात जास्त संवेदनशील असतं. मजल्यांचे ताल नेमके याच पट्ट्यात यावेत, हे दुर्दैव.

ब्रिटिश पद्धत हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगते. माणसाला जेमतेम जाणवेल अशी हालचाल एक धरायची आणि मजल्याची हालचाल तिच्या किती पट आहे ते पाहायचं. ऑफिसला आठ पटींपर्यंत चालतं असं ब्रिटनच्या स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूटची पी354 ही मार्गदर्शिका सांगते. गणित केलं तर या आठ पटी अमेरिकेच्या अर्ध्या टक्क्याच्या जवळच येतात. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आकडा साधारण तोच निघतो.

याचा अर्थ नीट घ्यायला हवा. मर्यादेच्या आतला मजला स्थिर असतो असं नाही. तो जाणवण्याच्या उंबरठ्याच्या कितीतरी वर असू शकतो, फक्त काम करत असलेली बहुतेक माणसं तेवढ्याची तक्रार करत नाहीत. मॉलमध्ये गाइड याच्या तिप्पट, दीड टक्का चालवून घेते, कारण तिथे सगळेच चालत असतात, आवाज असतो, आणि हलल्याचं कुणाला सुचत नाही. ऑफिसात माणूस शांत बसून स्क्रीनकडे पाहत असतो. म्हणून 0.45 आणि 0.55 यांत भिंत उभी करण्यात अर्थ नाही. 0.33 असेल तर निश्चिंत राहावं, 0.67 असेल तर तक्रारी येणार हे धरून चालावं, मधल्या पट्ट्यात नशिबाचा आणि मांडणीचा भाग मोठा.

मजल्याच्या कडेचा गाळा मात्र वेगळा तपासावा. मधोमध मोठा चौक ठेवलेला असेल तर त्याच्या काठावरच्या बीमला एका बाजूने शेजारच नसतो. सहभागी वजन 70 टनांवरून 45 वर आलं, तर तीन टक्के डॅम्पिंग धरूनही उत्तर 0.52 येतं. टिपणात मधल्या गाळ्याचा हिशेब आणि तक्रार काठावरच्या टेबलाची, असं पुष्कळदा यामुळेच होतं.

मोजून पाहायचं तर

इमारत उभी राहिल्यावर तर्क करत बसायची गरज नाही. गाळ्याच्या मध्यावर एक ॲक्सेलरोमीटर ठेवतात. एक जण चवड्यांवर उभा राहून टाचा एकदम खाली आपटतो. मजला घुमतो आणि आलेखावर त्याचा ताल उमटतो. तो चार हर्ट्झ निघाला की मोबाइलवर मेट्रोनोम लावायचा, मिनिटाला 120 ठोके, आणि एकाने त्या ठोक्यावर गाळ्याच्या मध्यावरून सरळ चालत जायचं. आलेख पावलागणिक चढतो, चालणारा पलीकडे पोचला की उतरतो. उतरण्याच्या गतीवरून डॅम्पिंग कळतं. मग तीच चाल मिनिटाला 108 ठोक्यांवर करून पाहायची. उंची झपकन कमी झाली तर दुखणं अनुनादाचंच, ही खात्री पटते.

टाच आपटून निघालेल्या डॅम्पिंगवर मात्र लगेच विसंबू नये. त्या धक्क्याची बरीचशी ऊर्जा शेजारच्या गाळ्यांत पसरते, शिवाय आपटणारा माणूस स्वतः मजल्यावर उभा असतो आणि थोडी तोही शोषतो. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. जुन्या पुस्तकांत ऑफिसचं डॅम्पिंग सहा टक्क्यांहूनही जास्त दिलेलं आढळतं ते या पद्धतीमुळे. तो आकडा वरच्या सूत्रात घालणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

दोष सापडला तर उपाय काय? बीम ताठ करणं हा पहिला विचार येतो, पण तो महाग पडतो. मजला चारवरून सहा हर्ट्झवर नेला तर पावलांचा जोर निम्मा होतो खरा, पण त्यासाठी ताठरपणा सव्वादोन पट लागतो. डिझाइनच्या टप्प्यावर हे जमतं, उभ्या इमारतीत क्वचितच. तिथे आधी मांडणी बदलून पाहावी. गाळ्याच्या मध्यावरून जाणारा लांबलचक सरळ रस्ता काढून कॉलमच्या ओळीने न्यावा, कारण कॉलमजवळ मजला फारसा हलत नाही. दोन-तीन पार्टिशनं वरच्या स्लॅबपर्यंत चढवावीत. तरीही भागलं नाही तर मजल्याच्या तालाशी जुळवलेलं, स्प्रिंगवरचं वजन बीमखाली बसवतात. मजला हलू लागला की ते उलटं हलतं आणि जोर खातं.

ऑफिस घेताना किंवा इंटीरियर पास करताना एवढं करा. टिपणाचं शेवटचं पान बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा: रोजचं वजन किती धरलं, डॅम्पिंग किती टक्के आणि कशाच्या बेरजेने, आणि काठावरचा गाळा तपासला का. डॅम्पिंगच्या आकड्याशेजारी 'फॉल्स सीलिंग आणि पूर्ण उंचीची पार्टिशनं धरून' असं लिहिलं असेल, तर ती ओळ इंटीरियरच्या नकाशावरही लिहून घ्या. उद्या सीलिंग काढायचा निर्णय झाला, तर हिशेब पुन्हा करून घ्यायचा हे त्या नकाशावर काम करणाऱ्याला तिथेच कळेल.